फेलिसितेचा पाव आणि मादामच्या आठ खुर्च्या

बारा लिव्र वजनाचा एक पाव, खास तिच्यासाठी भाजलेला आणि वीस दिवस पुरणारा. फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या ‘अ सिंपल हार्ट’ या दीर्घकथेत मोलकरीण फेलिसितेच्या पावाबद्दल हे एवढंच येतं, तेही एका वाक्याच्या शेपटाला. लिव्र म्हणजे साधारण अर्धा किलो. म्हणजे पाव सहा किलोचा, आणि दिवसाला वाट्याला आला जेमतेम तीनशे ग्रॅम. फ्लोबेर हा भागाकार करत नाही. तो आकडे ठेवतो आणि पुढे जातो. पण आपण वाचताना थांबून तो केला, की एक बाई आपल्यासमोर जेवायला बसते. पहिल्या दिवशी पाव मऊ असेल, आठव्या दिवशी चिवट, पंधराव्या दिवशी त्याला सुरीही धड लागत नसेल. आणि ती सावकाश खाते, टेबलावर सांडलेला चुरा बोटानं टिपून घेते.

कथा 1877 साली ‘तीन कथा’ या संग्रहात आली. गाव फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं, पाँ-लेव्हेक नावाचं. मालकीण विधवा, मादाम ओबँ. फेलिसिते तिच्याकडे वर्षाला शंभर फ्रँकवर स्वयंपाक करते, घर झाडते, शिवते, धुते, इस्त्री करते, घोड्याला लगाम चढवते, कोंबड्या पोसते, लोणी घुसळते. पन्नास वर्षं गावातल्या बायका मादामचा हेवा करतात, तो तिच्या घराचा किंवा दागिन्यांचा नव्हे, या बाईचा. लोक या कथेबद्दल बोलायला लागले की पोपटावर जातात, कारण शेवटी पोपट आहे आणि तो विसरता येत नाही. मला पोपटाकडे जायचं नाही. मला स्वयंपाकघर, बसायची खोली आणि वरची माळ्याची खोली यांच्यातच राहायचं आहे, कारण माणसाचा वर्ग आणि माणसाचा स्वभाव या दोन गोष्टी वस्तूंतून कशा वाचायच्या हे मला इथे जितकं उमगलं तितकं दुसरीकडे कुठे नाही.

पावाकडेच परत बघू. ‘खास तिच्यासाठी भाजलेला’ यातून काय कळतं? घरात दोन पाव आहेत, हे. एक मालकिणीच्या टेबलावरचा आणि एक हिचा. हा झाला वर्गाचा पुरावा. पण त्याच वाक्याची सुरुवात ‘काटकसरी’ या विशेषणानं होते, आणि हे विशेषण तिचं आहे, मालकिणीचं नाही. मग मोठा पाव एकदम भाजून घ्यावा, तो पुरवून पुरवून खावा, हे कुणी ठरवलं? मादामनं बचत म्हणून, की फेलिसितेनं स्वतःहून? मजकूर सांगत नाही. माझ्या मते त्या वाक्याची सगळी ताकद या न सांगण्यात आहे. परिस्थितीनं लादलेली गोष्ट माणूस इतकी वर्षं करत राहतो, की ती त्याचा स्वभाव होऊन बसते, आणि मग स्वभाव कुठे सुरू झाला आणि गरज कुठे संपली हे त्या माणसालाही सांगता येत नाही.

पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात हा प्रश्न रोज सकाळी उभा असतो. रात्रीच्या चार पोळ्या उरल्या, त्या कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन घरच्यांनी खाल्ल्या तर ती फोडणीची पोळी. वर लिंबू पिळायचं, कोथिंबीर भुरभुरायची, मुलं मागून घेतात. त्याच चार पोळ्या कागदात गुंडाळून कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात दिल्या तर ते शिळं. पीठ तेच, रात्र तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी खाणाऱ्यानं ठरवलं आणि दुसऱ्या ठिकाणी देणाऱ्यानं. कथेत नुसतं ‘शिळी पोळी’ आलं म्हणून गरिबी सिद्ध होत नाही. ती कुणी कुणाला दिली, घेणाऱ्यानं ती तिथेच खाल्ली की पदराआड धरून घरी नेली, हे आलं की मग पुरावा उभा राहतो. मावशींनी ‘घरी नेते’ म्हटलं, की आपल्याला घरी कुणीतरी वाट बघतंय हे कळतं. लेखकाला मुलांची संख्या सांगावी लागत नाही.

आता बसायची खोली. मादाम ओबँचा नवरा देखणा पण कफल्लक होता. 1809 च्या सुरुवातीला तो गेला, मागे दोन लहान मुलं आणि पुष्कळ कर्ज ठेवून. तिनं जमीनजुमला विकला. दोन शेतं तेवढी राखली, ज्यांचा खंड वर्षाला फार तर पाच हजार फ्रँक. मोठं घर सोडून ती पूर्वजांच्या, कमी खर्चाच्या घरात आली, बाजाराच्या मागे. या घरात पांढऱ्या रंगाच्या भिंतीला लागून महोगनीच्या आठ खुर्च्या ओळीनं मांडल्यात. एक जुना पियानो आहे, त्याच्यावर खोक्यांचा आणि पुठ्ठ्याच्या डब्यांचा मनोरा रचलाय, आणि त्याच्या वर भिंतीला बॅरोमीटर. पिवळ्या संगमरवराची शेकोटी आहे, तिच्यावर देवळाच्या आकाराचं घड्याळ. आणि सगळ्या खोलीला किंचित कुबट वास येतो, कारण खोलीची जमीन बागेपेक्षा खाली आहे. मादाम स्वतः दिवसभर बसते ती महोगनीच्या खुर्चीत नाही. खिडकीशी ठेवलेल्या, गवताच्या विणीच्या खुर्चीत.

एकेका वस्तूला विचारलं, ‘तू कधीच्या पैशातली?’ तर ही खोली दोन काळांत विभागली जाते. महोगनी, संगमरवर, पियानो हे सगळं मागच्या कमाईचं. ओल आणि वास हे आजचं. लाकडी सामान सावकाश मरतं. घराची आवक आटली तरी खुर्च्या वीस-तीस वर्षं तशाच दिसत राहतात. म्हणून कथेत फर्निचरवरून कुणाची श्रीमंती ठरवायला गेलं की फसगत होते. फर्निचर आजोबांचं उत्पन्न सांगतं. आजचं उत्पन्न ताटात दिसतं, आणि फार झालं तर दिव्याच्या तेलात.

फ्लोबेरनं याची उलट बाजूही दाखवली आहे, म्हणून मला हे योगायोगानं आलेलं वाटत नाही. मादाम मुलांना घेऊन तिच्याच एका कुळाच्या, लिएबारच्या शेतावर जाते. तिथे छताच्या तुळया किडीनं पोखरलेल्या, भिंती धुरानं काळ्या, खिडक्यांच्या काचा धुळीनं करड्या. लाकडी फडताळावर चंबू आणि कथलाची वाडगी. त्यांच्याच शेजारी लांडग्याचे सापळे आणि मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्या. मांडणी म्हणून काही नाही. पण जेवायला काय काय येतं! बैलाच्या कमरेचं मांस, आतडी, रक्ताचं सॉसेज, कोंबडीचा रस्सा, फसफसणारी सायडर, फळांचा टार्ट, ब्रँडीत मुरवलेले आलुबुखार. कुळाच्या घरी धूर आणि भरलेलं टेबल, मालकिणीच्या घरी संगमरवर आणि कुबट वास. कोण चढतंय आणि कोण उतरतंय, यावर लेखकानं एक अक्षर खर्च केलेलं नाही.

आपल्याकडच्या पेठांतल्या वाड्यांवरच्या कथा वाचताना मला हीच कसोटी लावावीशी वाटते, आणि तिथे बरेचदा निराशा होते. बंब येतो, घंगाळं येतं, पितळी डब्यांची उतरंड येते, शिसवी पलंग येतो, सगळं लखलखीत. पण ते लखलखीत ठेवलं कुणी? पितळेला चिंच आणि राख लागते, हात लागतात, आणि ते हात कुणाचे हे कथेत नसेल तर ती भांडी नुसती शोभेची. फेलिसितेच्या बाबतीत बघा. तिच्या घासलेल्या पातेल्यांची चकाकी बघून दुसऱ्या मोलकरणी हताश होतात, असं एक वाक्य आहे. तिथे चकाकी भांड्याची नाहीच, ती बाईची आहे.

कल्हईचंच घ्या. पितळी पातेल्याला आतून कथलाचा थर देतात. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून फडक्यानं सगळीकडे फिरवतो. काही महिन्यांनी तो थर झिजतो, आतून पिवळं दिसायला लागतं, आणि त्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं. हे ठाऊक असलेल्या लेखकानं ‘पातेल्याची कल्हई गेली होती, म्हणून तिनं आमटीला चिंच घातली नाही’ एवढं लिहिलं तर त्यातून काय काय कळतं! कल्हईवाला दारावरून गेला आणि त्याला हाक मारली नाही, म्हणजे पैशांची ओढाताण. घरात दुसरं पातेलं नाही. आणि बाई अशी, की आळणी चव पत्करेल पण माणसांच्या पोटात वाईट जाऊ देणार नाही, आणि याबद्दल कुणाशी बोलणारही नाही. ऐपत आणि स्वभाव एकाच वाक्यात. उलट, स्वातंत्र्यापूर्वीच्या पेठेतल्या साध्या घरात स्टीलच्या ताटांची चळत आली, तर लेखकानं ते घर पाहिलेलं नाही, आपल्या आत्ताच्या घरावर धोतर-लुगडं चढवलंय, हे लगेच कळतं. स्टील आपल्या स्वयंपाकघरांत सर्रास झालं ते नंतर.

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात गेले की अडकित्ते, दिवे, कुलपं बघताना मी हरखून जाते. एकेक अडकित्ता म्हणजे शिल्प. पण पाटीवर धातू आणि काळ असतो. सुपारी कातरून कुणी कुणाला दिली हे नसतं, आणि पाटीला ते सांगता येणारही नाही. ते काम कथेचं. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरलं तर तिथे तेवढं एक जास्तीचं कळतं, की ही वस्तू कुणाच्या तरी घरातून निघाली आहे. वस्तू हलली की बोलायला लागते.

फेलिसितेच्या घरात वस्तू हलतात, आणि त्या एकाच दिशेनं हलतात: खालून वर. तिची खोली सगळ्यात वर, छपरातल्या खिडकीच्या उजेडाची. मादामला नको झालेलं सगळं ती तिथे नेते. कागदी-कापडी फुलं, राजघराण्यातल्या कुणा सरदाराचं चित्र, अगदी वारलेल्या साहेबांचा एक लांब कोटसुद्धा. कोट ती घालणार नाही, विकणारही नाही. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला जायचे. ती ओट्यावर बसून साडी उजेडात धरून बघायची, जर किती, विरली कुठे, आणि मग घासाघीस होऊन एक डबा किंवा पातेलं घरात यायचं. म्हणजे साडीचं भांडं व्हायचं, व्यवहार पुरा. फेलिसितेकडे येणाऱ्या वस्तूंचं काहीच होत नाही. त्यांची किंमत संपलेली आहे म्हणूनच त्या तिच्यापर्यंत पोचल्या, आणि तिच्याकडे आल्यावर त्या पूज्य झाल्या. खोली देऊळही वाटते आणि बाजारही, असं फ्लोबेर म्हणतो. जपमाळा आणि नारळाच्या करवंटीचं पवित्र पाण्याचं भांडं एकीकडे, आणि भाच्यानं, व्हिक्तोरनं दिलेली शिंपल्यांची पेटी दुसरीकडे.

हे सगळं गबाळ नुसतं ‘गरीब बाईचा भाबडेपणा’ म्हणून वाचणं मला पटत नाही. तिच्याकडे स्वतः विकत घेतलेलं जवळजवळ काही नाही. जे आहे ते कुणीतरी दिलेलं किंवा टाकलेलं. तिचं संग्रहालय हे तिच्या नात्यांचं दप्तर आहे, कारण दुसरं कुठलंही दप्तर तिच्या नावानं नाही.

आणि यात एक वस्तू अशी आहे, जी तिनं मागून घेतली. मादामची मुलगी व्हिर्जिनी लहानपणीच आजारानं गेलेली. तिचे कपडे कपाटात बंद. मादाम ते कपाट उघडायचं टाळते. मग उन्हाळ्यातल्या एका दिवशी ती उघडते, फेलिसिते सोबत असते. फ्रॉक, बाहुल्या, परकर, मोजे, रुमाल. दोघी बाहेर काढून पलंगांवर पसरतात, पुन्हा घडी घालण्याआधी. ऊन त्या कपड्यांवर पडतं आणि त्यांच्यावरचे डाग दिसतात, त्या लहान अंगाच्या हालचालींनी पडलेल्या चुण्या दिसतात. त्यात एक लांब केसांची, तपकिरी मखमलीसारखी टोपी निघते, कसरीनं पार खाल्लेली. फेलिसिते ती स्वतःसाठी मागते. दोघींचे डोळे भरतात, मालकीण हात पसरते, मोलकरीण त्यात शिरते. आयुष्यात पहिल्यांदा. फ्लोबेर लगोलग सांगतो की मादामचा स्वभाव काही मोकळा नव्हता.

टोपी चांगली असती तर? मला वाटतं, फेलिसितेनं मागितली नसती, आणि मागितली असती तर ते मागणं झालं असतं. कसरीनं खाल्ली, तिची किंमत शून्य झाली, म्हणूनच ती दोघींमध्ये ठेवता आली. त्या क्षणी मालकी नाही, मोल नाही, फक्त ती मुलगी आहे. वर्ग मोडतो तो एवढ्यापुरता, एका निकामी टोपीच्या आधारानं. चांगल्या वस्तूनं तो मोडला नसता. कपड्याचं इतकं काटेकोर वाचन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

बॅरोमीटर राहिला. रोलां बार्त या फ्रेंच समीक्षकानं 1968 सालच्या एका प्रसिद्ध लेखात नेमकं हेच वाक्य उचललं. त्याचं म्हणणं असं, की पियानो घराचा मध्यमवर्गीय दर्जा सांगतो, खोक्यांचा ढीग अव्यवस्था आणि उतरती कळा सांगतो, पण बॅरोमीटर काहीच सांगत नाही. तो फक्त ‘हे खरं आहे’ असं वाटायला लावतो. मी या मांडणीपुढे आदरानं थांबते, कारण ती एक मोठा धोका टाळते. कथेतली प्रत्येक वस्तू प्रतीक असलीच पाहिजे असा हट्ट धरला की समीक्षा पंचांग होते. लाल पडदा म्हणजे रक्त आणि बंद घड्याळ म्हणजे मृत्यू. काही वस्तू तिथे असतात म्हणून असतात.

पण याच वस्तूबद्दल माझं मत वेगळं आहे. मादामचं उत्पन्न म्हणजे दोन शेतांचा खंड. तिची कुळं कोंबड्या आणि चीज घेऊन दारात येतात, फेलिसिते त्यांच्या लबाड्या दर वेळी हाणून पाडते. ज्या घराची चूल शेतावर चालते त्या घरात हवेचा दाब सांगणारं यंत्र भिंतीला असणं मला मुळीच निरर्थक वाटत नाही. फक्त ते पियानोच्या आणि खोक्यांच्या वर आहे, म्हणजे रोज जवळ जाऊन बघायची सोय नाही. शेतावर राहणारा लिएबार आकाशाकडे बघत असेल. गावात राहणारी मालकीण यंत्राकडे, आणि तेही लांबून. हे माझं वाचन आहे, मजकुरात ते लिहिलेलं नाही, पण मजकुरातल्या पैशाच्या हिशेबाशी ते जुळतं. वस्तूच्या वाचनाला मी एवढीच अट घालते: ते त्याच घराच्या जमाखर्चाशी जुळलं पाहिजे.

एरंडवण्यातल्या आमच्या वाचनगटात या कथेवर बोलणं निघालं तेव्हा सगळ्यात जास्त वाद मादामच्या मृत्युपत्रावरून झाला. तिनं फेलिसितेला वर्षाला तीनशे ऐंशी फ्रँक लावून दिले. म्हणजे पगाराच्या जवळजवळ चौपट, तेही काम न करता. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, ‘अहो, आजही कोण एवढं ठेवतं कामवालीच्या नावानं?’ त्यांचं बरोबर आहे, आणि मादामचं श्रेय मी काढून घेत नाही. पण मी त्यांना पुढची पानं उघडायला लावली. मालकीण गेल्यावर मुलगा आणि सून येतात. सून कपाटं उपसते, हवं ते सामान निवडते, नको ते विकते. मादामची खुर्ची गेली, तिचं छोटं टेबल गेलं, आठही खुर्च्या गेल्या. भिंतीवर चित्रांच्या जागी पिवळे चौकोन उरले. व्हिर्जिनीच्या कपाटात काही राहिलं नाही.

घर विकायला काढलं, पण गिऱ्हाईक येत नाही, भाडेकरूही येत नाही. फेलिसिते तिथेच राहते. भाजी बागेतली, कपडे मरेपर्यंत पुरतील इतके आहेत, आणि दिव्याचा खर्च नको म्हणून ती तिन्हीसांजेलाच अंथरुणात शिरते. हातात पैसा असूनही सवय वीस दिवसांच्या पावाचीच. छपराच्या पट्ट्या कुजतात. एक अख्खा हिवाळा तिची उशी ओली असते. आणि ती दुरुस्ती मागत नाही, कारण मागितली तर आपल्याला घराबाहेर काढतील अशी तिला भीती आहे.

त्या बाई म्हणाल्या, ‘पण तिच्याकडे पैसे होते ना, स्वतः करून घ्यायची.’ मी म्हटलं, छप्पर कुणाचं आहे? त्यांचं उत्तर असं, की कथेत तिनं तसा विचारही केल्याचं कुठे दिसत नाही, म्हणजे हा तिचा स्वभावच म्हणायचा. मी म्हटलं, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस गळक्या कौलाखाली बादली ठेवतो आणि घरमालकाला सांगत नाही, तो काय स्वभावानं? यावर गटात दोन तट पडले, आणि पुढच्या वेळी फक्त उशीच्या त्या परिच्छेदावर बोलायचं ठरलं आहे.